इन्क्युबेटरच्या रिलेची सततची टिकटिक थांबवताना

अंडी उबवण्याच्या पेटीत तापमान ३७.५ अंशांवर ठेवायचे होते आणि प्रोग्राममध्ये हीच एकमेव मर्यादा असल्यामुळे बल्बचा रिले दर काही सेकंदांनी चालू-बंद होत होता. DS18B20 सेन्सरची सर्वांत बारीक पायरी ०.०६२५ अंशाची असते; त्यामुळे पेटीतले तापमान जवळजवळ स्थिर असतानाही नोंद ३७.५० आणि ३७.४४ यांमध्ये हेलकावे खात होती, आणि प्रत्येक हेलकाव्याला रिले प्रतिसाद देत होता. अशाने रिलेचे संपर्क लवकर झिजतात. म्हणून मी दोन मर्यादा ठेवल्या.

```
if (t < 37.3) heater = true;
else if (t > 37.7) heater = false;
```

या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात काहीही बदलायचे नाही, हेच यातले मर्म आहे. त्यासाठी `heater` हे चल `loop()` च्या बाहेर घोषित करावे लागते, अन्यथा मागची स्थिती प्रत्येक फेरीत पुसली जाते.

बल्ब विझल्यावरही त्याची उष्णता काही वेळ हवेत उतरत राहते. त्यामुळे तापमान ३७.७ च्या थोडे वर जात होते, म्हणून वरची मर्यादा मी ३७.६ केली. कॉम्प्रेसर असता, तर केवळ पट्टा पुरला नसता. बंद झाल्यावर सुमारे तीन मिनिटांची सक्तीची विश्रांतीही द्यावी लागली असती.