डिनॉइझिंग स्ट्रेंथ: मांडणी राखून तपशील बदलताना या चुका टाळा

चित्रावरून चित्र तयार करताना एक तक्रार हमखास ऐकू येते: डिनॉइझिंग स्ट्रेंथ ०.४ वर ठेवली तर काहीच बदलत नाही आणि ०.७ वर सगळंच बदलून जातं. मग माणूस ०.५, ०.५२, ०.५५ असा स्लायडर सरकवत बसतो आणि कुठेतरी मधे तो एक योग्य आकडा दडलेला आहे असं समजतो. पुष्कळदा तसा आकडा नसतोच. जो बदल हवा आहे तो स्ट्रेंथने होण्यासारखा नसतो, किंवा त्या बदलासाठी मूळ चित्रच आधी थोडं तयार करून द्यावं लागतं. हे कळण्यासाठी हा आकडा आतमध्ये काय करतो ते पाहायला हवं.

स्ट्रेंथ म्हणजे "किती टक्के बदल" असं नव्हे. मॉडेल तुमच्या चित्रावर आधी नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांचा गोंधळ, मिसळतं आणि मग प्रॉम्प्टच्या आधाराने तो पायरीपायरीने काढून टाकतं. नॉइज किती मिसळायचा, एवढंच स्ट्रेंथ ठरवते. १ ठेवली तर मूळ चित्र जवळजवळ पूर्ण बुडतं, ० ठेवली तर नॉइज पडतच नाही. मधला प्रवास मात्र सरळ रेषेत होत नाही. स्टेबल डिफ्यूजन १.५ च्या नेहमीच्या नॉइज वेळापत्रकानुसार ०.३ ला मिश्रणात मूळ चित्राचा वाटा सुमारे ५९ टक्के उरतो, ०.५ ला सुमारे २८ टक्के आणि ०.७५ ला जेमतेम ६ टक्के. ऑटोमॅटिक११११ या प्रोग्राममध्ये `Denoising strength` उघडताच ०.७५ वर असते. म्हणजे काहीही न बदलता बटण दाबलं, की मूळ चित्राचा बहुतेक भाग आपण आधीच सोडून दिलेला असतो.

तरीही त्या ६ टक्क्यांतून मांडणी थोडीफार ओळखू येते. नॉइज प्रत्येक बिंदूवर वेगवेगळा, स्वतंत्र पडतो. मोठ्या भागाची सरासरी घेतली तर तो एकमेकांना खोडून काढतो आणि खाली "हा कोपरा उजळ, हा पट्टा गडद, इथे लाल" एवढं शिल्लक राहतं. बारीक रेघांना ही सवलत नाही, त्या लगेच बुडतात. धुकं दाटत जाताना आधी पानं दिसेनाशी होतात, मग झाड, आणि डोंगराची कड सगळ्यात शेवटी, तसाच हा क्रम आहे: आधी पोत, मग कडा आणि छोटे आकार, मग वस्तूंच्या जागा, आणि अगदी शेवटी मोठे रंग आणि उजेड-सावलीचे पट्टे. म्हणून स्ट्रेंथ निवडताना "किती बदलायचं" यापेक्षा "केवढ्या आकाराची गोष्ट बदलायची" हा प्रश्न विचारा.

रंग हा बारीक तपशील आहे असं समजणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून ती सविस्तर पाहू.

समजा, एका फोटोत टेबलाशी बसलेला माणूस आहे. डावीकडे खिडकी, अंगात लाल सुती शर्ट, हात टेबलावर. आपल्याला तैलरंगातलं चित्र हवं आहे आणि लाल शर्टाच्या जागी निळा विणलेला स्वेटर. खिडकी, टेबल आणि हाताची ठेवण जशीच्या तशी राहायला हवी. मनात आपण "स्वेटर म्हणजे छोटासा बदल" असं धरतो आणि ०.३५ ने सुरुवात करतो.

०.३५ ला रंगलेपाचा पोत थोडा दिसू लागतो आणि कापडावर विणकामासारखं काहीतरी येतं, पण शर्ट लालच राहतो. ०.५ ला स्वेटर चांगला विणलेला दिसतो, फक्त तो लाल किंवा मळकट जांभळट असतो. खालून लाल रंगाचा जोर आणि वरून प्रॉम्प्टमधला निळा, यांच्या ओढाताणीचा तो परिणाम. ०.६५ ला निळा यायला लागतो, पण तोवर बोटांची ठेवण बदललेली असते. ०.७५ ला स्वेटर अगदी हवा तसा, आणि खिडकी सरकलेली, टेबल रुंद झालेलं.

क्रम आठवला की यात नवल वाटत नाही. शर्टाचा लाल हा चित्रातला एक मोठा सलग डाग आहे, म्हणजे नॉइजमध्ये सगळ्यात उशिरा बुडणाऱ्या गोष्टींपैकी एक. तो बुडेपर्यंत थांबलात तर त्याच्या आधी हात आणि खिडकीची कड गेलेली असणारच. हा रंग बदलेल पण बोटं टिकतील असा आकडा या स्लायडरवर नाही.

उपाय साधा आहे. कुठल्याही चित्र-संपादकात शर्टावर निळा रंग फासा. विणकाम काढायची गरज नाही, कडा नेटक्या नसल्या तरी चालतं. फक्त शर्टाच्या चुण्यांतला उजेड आणि सावली खालून दिसत राहील अशा पद्धतीने रंगवा. लेयरचा ब्लेंड मोड `Color` ठेवला तर हे आपोआप साधतं. सपाट निळा थर दिलात तर मॉडेलही बऱ्याचदा सपाट, घडीविरहित स्वेटर देतं. मग हे चित्र ०.४५ च्या आसपास चालवा. मोठा रंग आता आपणच देऊन ठेवला आहे, मॉडेलकडे फक्त पोत आणि रंगलेपाचं काम उरलं आहे, आणि त्या कामाला ०.४५ पुरते. बोटं आणि खिडकी जागेवर राहतात.

दिवसाची रात्र करताना हेच तत्त्व लागू होतं. उजेडाचा एकूण पट्टा हा चित्रातला सगळ्यात मोठा आकार. आधी चित्र काळवंडून त्यावर निळसर छटा द्या, दिव्याच्या जागी पिवळा ठिपका ठेवा, मग ०.४ ते ०.५ मध्ये चालवा. स्ट्रेंथ चढवून रात्र आणायला गेलात तर रात्र येईल, पण ती दुसऱ्याच खोलीत.

प्रॉम्प्टमध्ये फक्त बदल लिहिणं

"निळा स्वेटर" एवढंच लिहिलं तर ०.३ ला फारसं बिघडत नाही, कारण बाकीचं सगळं खालच्या चित्रातून येतं. ०.५ च्या पुढे मात्र मॉडेलला रिकाम्या जागा भरायच्या असतात आणि भरण्यासाठी त्याच्याकडे फक्त तुमचं वाक्य असतं. खिडकीचा उल्लेख नसेल तर तो उजळ चौकोन कधी फ्रेम होतो, कधी आरसा. जे राखायचं आहे तेही लिहा: माणूस टेबलाशी बसलेला, डावीकडे खिडकी, दोन्ही हात टेबलावर, निळा विणलेला स्वेटर, तैलरंग. हे नेहमीचं मॉडेल संपूर्ण चित्राचं वर्णन वाचतं, "हे बदल" असा हुकूम त्याला कळत नाही. हुकूम पाळणारी संपादनाची मॉडेलं वेगळी असतात, त्यांची सवय इथे आणू नका.

पायऱ्यांचा हिशेब विसरणं

कमी स्ट्रेंथला चित्र गढूळ, अर्धवट आलं तर दोष बहुतेक वेळा पायऱ्यांचा असतो. ऑटोमॅटिक११११ आणि डिफ्यूझर्स या पायथन लायब्ररीमध्ये दिलेल्या पायऱ्यांना स्ट्रेंथने गुणलं जातं. २० पायऱ्या आणि ०.३ म्हणजे प्रत्यक्षात सहाच्या आसपास. कम्फीयूआय या प्रोग्रामच्या `KSampler` मध्ये मात्र `denoise` कितीही ठेवा, लिहिलेल्या पायऱ्या पूर्ण होतात. एकाने कम्फीयूआयमधले आकडे दिले आणि दुसऱ्याने ते डिफ्यूझर्समध्ये टाकले, तर निकाल जुळत नाहीत ते यामुळेही.

```python
out = pipe(prompt=prompt, image=img,
           strength=0.45,
           num_inference_steps=40,
           generator=torch.Generator("cpu").manual_seed(7)
          ).images[0]
```

इथे प्रत्यक्षात १८ पायऱ्या होतात. चार पायऱ्यांत काम उरकणाऱ्या जलद मॉडेलांवर ही गोष्ट आणखी बोचते. डिफ्यूझर्समध्ये गुणाकाराचा अपूर्णांक सोडून दिला जातो, त्यामुळे ०.५ आणि ०.७ दोन्हीला दोनच पायऱ्या मिळतात. स्लायडर हलतो, चित्र हलत नाही. मांडणी जपत नाजूक बदल करायचे असतील तर अशी मॉडेलं मला गैरसोयीची वाटतात.

सीड मोकळं ठेवून आकड्यांची तुलना करणं

सीड म्हणजे नॉइजचा नमुना ठरवणारा आकडा. तो प्रत्येक वेळी बदलत असेल तर फरक स्ट्रेंथचा की नॉइजचा, हे सांगता येत नाही. सीड पक्कं करा आणि ऑटोमॅटिक११११ च्या `X/Y/Z plot` मध्ये `Denoising` निवडून ही ओळ द्या:

```
0.3, 0.4, 0.5, 0.6, 0.7
```

पाचही चित्रं शेजारी ठेवून आधी हात, डोळे, खिडकीची कड अशा दोन-तीन ठरावीक जागा बघा. पोत आवडला की नाही ते नंतर. यातली कोणतीही जागा पहिल्यांदा जिथे हलते, त्याच्या आधीचा आकडा ही तुमच्या चित्राची वरची मर्यादा. पुढचा शोध तिच्या खालीच घ्या.

ही मर्यादा दुसऱ्या मॉडेलवर नेऊ नका. नॉइजचं वेळापत्रक बदललं की तोच आकडा वेगळा नॉइज मिसळतो. `Karras` वेळापत्रक निवडलं तर त्याच मॉडेलवर ०.५ ला नेहमीपेक्षा कमी नॉइज पडतो आणि ०.७५ ला जास्त. चित्राचा आकार वाढवला तरी फरक पडतो: चेहरा जास्त बिंदूंवर पसरला की तेवढ्याच नॉइजमध्ये तो अधिक टिकतो, म्हणून दुप्पट आकाराच्या चित्राला तोच बदल करण्यासाठी थोडी जास्त स्ट्रेंथ लागते.

सगळं ओझं एकाच स्लायडरवर टाकणं

फोटोतल्या लाकडी खोलीची दगडी गुहा करायची असेल तर ०.८ च्या खाली जमणार नाही आणि ०.८ ला मांडणी टिकणार नाही. इथे मांडणी धरून ठेवायचं काम कंट्रोलनेट या जोड-मॉडेलकडे द्या. खोलीतलं जवळ-दूरचं अंतर जपायचं असेल तर डेप्थ, रेषा जपायच्या असतील तर कॅनी किंवा लाइनआर्ट. मग स्ट्रेंथ ०.८ वर बिनधास्त ठेवता येते. फक्त कॅनीने लाकडाच्या रेषाही धरून ठेवल्या तर दगडावर फळ्यांच्या खुणा दिसतील. तशा दिसल्या तर डेप्थवर या. बदल एकाच वस्तूपुरता असेल तर त्या भागावर मास्क टाकून इनपेंटिंग करणं यापेक्षा सोपं पडतं.

शेवटी एक लक्षण, ज्याचा स्ट्रेंथशी काहीच संबंध नसतो. ०.१ ठेवूनही मागच्या गर्दीतले छोटे चेहरे किंवा पाटीवरची अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. स्टेबल डिफ्यूजन ५१२×५१२ चं चित्र आधी ६४×६४ च्या आतल्या रूपात दाबतं आणि शेवटी उलगडतं. आठ-दहा पिक्सेलांचं अक्षर त्या रूपात जेमतेम एका चौकटीत मावतं, ते नॉइजशिवायही बिघडतं. खात्री करायला कम्फीयूआयमध्ये `VAE Encode` ची तार सरळ `VAE Decode` ला जोडून पाहा. तिथेही अक्षरं बिघडलेली दिसली तर स्ट्रेंथ कमी करत बसू नका. चित्र मोठं करून चालवा, किंवा तेवढा भाग मूळ फोटोतून उचलून वर चिकटवा.