नुसतं ‘ठीक’ लिहून पाठवताय? मेसेजमधल्या या चुका टाळा

समोरासमोर बोलताना ‘बरं’ हा एकच शब्द पुरतो. ‘बरंऽऽ’ असा लांबवला की आनंद कळतो, पटकन तोडला की घाई कळते. कोल्हापुरात तर ‘व्हय?’ एवढ्यावर अर्धं संभाषण होतं. मेसेजमध्ये हा सूर जातो आणि शब्द तेवढा राहतो. ‘ओके’, ‘ठीक’, ‘फाइन’ हे शब्द बोलण्यातसुद्धा विषय संपवायला वापरले जातात. म्हणून सूर गेला की त्यातून ‘कळलं, आता पुरे’ एवढंच ऐकू येतं.

एक उदाहरण नीट बघू. मुंबईहून भाचा लिहितो: ‘आत्ती, शनिवारी रात्री महालक्ष्मीनं निघतोय. पोरं पण आहेत. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन घरी येतो. जेवायचं काही करू नकोस, बाहेरच खाऊ.’ आत्ती कामात असते, फोन हातात घेते आणि लिहिते: ‘ठीक आहे.’

तिच्या मनात राग नाही. पण भाच्याच्या मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत: येतोय, पोरं आहेत, दर्शन घेणार, जेवण नको. ‘ठीक आहे’ यातल्या कशाला उद्देशून आहे हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे ते सगळ्यात शेवटच्या वाक्याला जाऊन चिकटतं. शेवटचं वाक्य जेवणाला नकार देणारं होतं. आता भाच्याला वाटतं, जेवायला नको म्हटलं म्हणून आत्तीला लागलं. येण्याचा आनंद तिला आहे की नाही, हे तर कुठेच आलेलं नाही.

चूक पहिली: मिळाल्याची पोच दिली, पण येण्याला उत्तर दिलं नाही

यावर सोपा उपाय आहे. समोरच्याचं महत्त्वाचं क्रियापद उचला आणि त्याला परत द्या. मराठीत आपण असंच बोलतो. ‘येऊ का?’ याला तोंडी उत्तर ‘ये’ असतं, ‘ओके’ नसतं. ‘निघतोय’ याला ‘निघ, सावकाश ये’. ‘पैसे पाठवले’ याला ‘मिळाले’. क्रियापद परत गेलं की मेसेज खरंच वाचलाय हे समोरच्याला कळतं, आणि उत्तर कुठल्या गोष्टीला आहे हेही कळतं.

आत्तीनं असं लिहिलं असतं तर: ‘या की सगळी! दर्शन झालं की सरळ घरी या, पांढरा रस्सा करते. धाकट्याला तिखट चालतं का तेवढं सांग.’ इथे तीन कामं झाली. येण्याला होकार मिळाला, जेवणाचा प्रश्न सुटला आणि शेवटी एक छोटा प्रश्न आला, त्यामुळे बोलणं पुढे उघडं राहिलं. हा प्रश्न खरा असावा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवंय असा. उगाच ‘बाकी काय?’ जोडून काही होत नाही.

स्वयंपाक करायचा नसेल तरी चालतं: ‘या की. दुपारी बाहेर जेवा, रात्री मात्र घरीच.’ आणि त्या दिवशी घरी नसेल तर: ‘या. मी सकाळी जोतिबाला जाणार आहे, चारपर्यंत येते. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते.’ होकार पूर्ण नसला तरी उत्तर कोरडं होत नाही, कारण पुढे काय होणार हे त्यात आहे.

चूक दुसरी: ‘चालेल’ चुकीच्या जागी

दोन पर्यायांतून निवडायचं असेल तर ‘चालेल’ उत्तम. ‘चार वाजता की पाच?’ ‘पाच चालेल.’ पण ‘मी तुझ्याकडे येऊ?’ याला ‘चालेल’ म्हटलं की ‘सहन करीन’ असं वाचलं जातं. तिथे ‘ये की’ लिहा.

हा ‘की’ आपल्याकडच्या बोलीची मोठी सोय आहे, पण तो जपून वापरावा लागतो. आज्ञार्थी किंवा वर्तमानकाळी क्रियापदानंतर तो आग्रह आणि आपलेपणा आणतो: ‘बस की’, ‘चालतंय की’, ‘घे की अजून’. भूतकाळी क्रियापदानंतर तोच टोचतो. ‘सांगितलं होतं की’, ‘पाठवलं की’ वाचताना ‘तुझं लक्ष कुठंय?’ असं ऐकू येतं. ‘ना’चंही तसंच: ‘येशील ना?’ गोड, ‘सांगितलं ना’ कडक. कामाचं झालेलं सांगायचं असेल तर दोन्ही शेपट्या काढा आणि लिहा: ‘पाठवलंय, सकाळीच.’

चूक तिसरी: एका शब्दानंतर पूर्णविराम

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शब्दाच्या इंग्रजी उत्तराला पूर्णविराम असला की ते कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दिली तेव्हा मात्र हा फरक पडला नाही. चॅटमध्ये पाठवलं की वाक्य आपोआप संपतं. तरीही टिंब दिलं तर ते मुद्दाम दिलंय असं वाटतं. मराठी चॅटमध्येही ‘ठीक.’ आणि ‘ठीक’ यांत हा फरक जाणवतो. दोन-तीन वाक्यांच्या मेसेजमध्ये पूर्णविराम खटकत नाही, तिथे तो बिनधास्त द्या.

आयफोनवर रोमन लिपीत टाइप करताना दोनदा स्पेस दाबली की टिंब आपोआप पडतं. Settings, General, Keyboard या वाटेनं गेल्यावर “.” Shortcut बंद करता येतं.

हाक कुणाला मारायची

वडीलधाऱ्यांना नातं जोडलं की एकच शब्द उबदार होतो: ‘होय मामा, येतो’, ‘व्हय काकी’. बरोबरीच्या माणसाला मात्र ‘ठीक आहे संदीप’ असं नाव लावलं तर ते बहुधा तंबीसारखं वाटतं. तिथे ‘बरं गा’, ‘हुतंय की’ असंच लिहा, आणि तुम्ही एकमेकांशी तसं बोलत असाल तरच. तोंडी कधी न वापरलेली बोली मेसेजमध्ये आणली की ती खोटी दिसते. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगाही तशाच. एक पुरे, आणि तोसुद्धा शब्दांच्या जागी नको.

सगळीकडे लांब लिहायची गरज नाही. ‘पोचलो’, ‘गेट उघडं आहे’, ‘दूध आणलं’ यांना अंगठा पुरतो. पण समोरच्यानं काही मागितलं असेल, काही सोडलं असेल किंवा वाईट बातमी कळवली असेल, तर नुसता अंगठा नको. ‘बाबांना ॲडमिट केलंय’ याला अंगठा म्हणजे पावतीवर शिक्का. त्याला ‘कुठल्या हॉस्पिटलला? संध्याकाळी डबा घेऊन येतो’ हे उत्तर.

उत्तर थंड गेलंय हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. समोरून ‘चालेल ना नक्की?’ असं परत विचारलं जातं, किंवा ‘नाही तर राहू दे’ येतं, किंवा एरवी चार ओळी लिहिणारं माणूस ‘बरं’वर येतं. अशा वेळी लांब खुलासा लिहू नका. त्यानं अवघडलेपणा वाढतो. राहून गेलेली गोष्ट एका ओळीत त्याच दिवशी पाठवा: ‘मगाशी गडबडीत होते. पोरं येतायत म्हटल्यावर लई बरं वाटलं, गाडी सुटली की कळव.’ पुन्हा उत्तर आलं नाही, तर फोन करा.