चाळीस सेकंदांची झोपेची गोष्ट

दिवा बंद केला की आमच्या तीन वर्षांच्या लेकीचं "अजून एक गोष्ट" सुरू होतं, म्हणून मी आता पस्तीसेक शब्दांचीच सांगते, हळू बोललं की साधारण चाळीस सेकंद होतात. त्यात वाघ, राक्षस, "आणि मग काय झालं माहितीये?" असलं काही नको, नाहीतर पोरगी उठूनच बसते. फक्त एकेक जण झोपत जातो.

"गोठ्यात गाय बसली. तिच्या पोटाशी वासरू बसलं. वासराने कान हलवला... अजून एकदा हलवला. कोंबडी म्हणाली, मी झोपते. मांजर म्हणालं, मी पण. वारासुद्धा हळू झाला. वासराचा एक डोळा मिटला... मग दुसरा... आणि सगळे... गाढ... झोपले."

सुरुवात नेहमीच्या आवाजात, वाऱ्यापासून आवाज खाली आणायचा, आणि टिंबं आली की एक पूर्ण श्वास सोडायचा, शेवट तर जवळजवळ कुजबुजत. मध्येच "कोंबडी कुठे झोपली?" आलं तर समजायचं आपण घाई केली, "टोपलीत" एवढंच म्हणून पुढे जायचं. दुसऱ्या दिवशीही हीच गोष्ट, शब्द न बदलता (आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही). आमच्याकडे पाचव्या रात्री दुसरा डोळा मिटायच्या आधीच घोरणं सुरू.