घरपट्टीत क्षेत्रफळ किंवा वापर चुकला? हरकतीच्या अर्जात या चुका टाळा

2014 नंतर विदर्भातल्या अनेक तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. घरांची मोजणी नव्याने झाली आणि तिच्यासोबत चुकीच्या नोंदीही आल्या. त्या दुरुस्त होतात, पण अर्ज नीट असेल तरच.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अर्जात फक्त 'कर फार वाढवला आहे, कमी करावा' असं लिहिणं. अशा अर्जावर कर विभाग 'आकारणी नियमानुसार आहे' एवढंच उत्तर देतो, आणि तेही चूक नसतं. तुमची हरकत रकमेवर नसून नोंदीवर आहे. कोणतं माप किंवा कोणता वापर चुकीचा लिहिला, ते आधी शोधा.

एक उदाहरण पाहू. प्लॉट 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे 1500 चौरस फूट. त्यावर 30 बाय 25 चं घर, 750 चौरस फुटांचं. समोरच्या 10 बाय 12 च्या खोलीत किराणा, बाकी घरात राहणं, मागे मोकळं अंगण. बिलात मात्र '139.35 चौ.मी., वाणिज्य' असं आलं. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. 139.35 ला 10.764 ने गुणलं की 1500 येतात. मोजणाऱ्याने बांधकामाच्या जागी अख्खा प्लॉट लिहिला, हे या एका गुणाकारात दिसतं, आणि एका दुकानापायी सगळं घर वाणिज्य केलं, हे वापराच्या नोंदीत. खरी नोंद अशी हवी: एकूण बांधकाम 69.68 चौ.मी., त्यात दुकान 11.15 आणि निवासी 58.53.

मापं देताना भिंतीच्या बाहेरून घेतली की आतून, हे लिहायला विसरू नका. बाहेरून 30 बाय 25 असलेलं घर नऊ इंची भिंतींमुळे आतून 28.5 बाय 23.5, म्हणजे साधारण 670 चौरस फूटच भरतं. अधिकारी बाहेरून टेप लावतो, अर्जात आतलं माप असतं, आणि ऐंशी फुटांच्या फरकावरून खरा अर्जदारही खोटा ठरतो. मागे टिनाचा गोठा किंवा समोर छपरी असेल तर तीही नकाशात दाखवा आणि छत कशाचं आहे ते लिहा. पाहणीला आलेल्या माणसाला ती दिसणारच आहे, आणि लपवलेली एक गोष्ट सापडली की बाकीच्या मापांवरही विश्वास राहत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा. मालमत्ता क्रमांक, आकारणीचं वर्ष, बिलातली नोंद, खरी नोंद आणि 'स्थळ पाहणी करून फेरमोजणी करावी' ही मागणी, एवढं एका पानात बसतं. सोबत बिलाची प्रत, हाताने काढलेला मापांचा नकाशा, आखीव पत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना 8 जोडा. वापराचा वाद असेल तर महावितरणचं घरगुती दराचं बिल कामी येतं. दुकान बंद केलं असेल तर कोणत्या महिन्यापासून, ते लिहा. नुसतं 'आता दुकान नाही' म्हटल्याने मागच्या वर्षाची आकारणी हलत नाही.

वसुली लिपिकाला तोंडी सांगून घरी येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मुदतीचा प्रश्न आला की तुमच्या हातात तेवढाच कागद असतो.

मुदतीबाबतची चूक सर्वांत महागात पडते. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात हरकतीची खरी वेळ बिलाच्या आधीची आहे. आकारणी यादी तयार झाल्यावर हरकतीसाठी नोटीस निघते, आणि तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची असते. लोक नोटीस बाजूला ठेवतात आणि बिल आल्यावर धावतात. कलम 169 खालचं अपील बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत करावं लागतं. पण कलम 170 प्रमाणे आधी मुदतीत हरकत दिलेली असावी लागते आणि बिलाची रक्कम जमा करावी लागते. नोटिशीची मुदत गेलीच असेल तर अपिलाच्या मागे न लागता, नोंदीतली चूक दुरुस्त करण्याचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्या. उदाहरणातल्यासारखी प्लॉट आणि बांधकामाची गल्लत मोजून सिद्ध होते, म्हणून अशा अर्जाला वजन असतं.

निकाल लागेपर्यंत कर थांबवून ठेवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते आणि हरकत दिली म्हणून ती आपोआप थांबत नाही. पैसे भरा आणि त्याच दिवशी 'अमुक आवक क्रमांकाच्या हरकतीचा हक्क राखून रक्कम भरली आहे, जादा रक्कम पुढील बिलात वळती करावी' असं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या.

फेरमोजणीच्या दिवशी घरी थांबा आणि टेप धरायला दुसरा माणूस ठेवा. पंचनाम्यावरचे आकडे वाचल्याशिवाय सही करू नका. मापं पटली नाहीत तर सहीच्या वरच 'माप मान्य नाही' असं लिहून आपलं माप टाका. पुढचं बिल आलं की आधी रक्कम न बघता क्षेत्रफळाचा आणि वापराचा रकाना बघा, कारण आदेश निघूनही कर मागणी नोंदवहीत जुनाच आकडा राहिलेला असू शकतो.