सोलापुरी चादर ऑनलाइन विकताय? ऑर्डरमागचं मार्जिन काढताना या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून चादर उचलायची आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकायची, असं करणारे सोलापुरात बरेच आहेत. त्यांचा हिशेब साधारण असा असतो: विक्री ८९९, चादर ४८०, पॅकिंग २२, कुरिअर १०५, गेटवे १८. सुटले २७४. महिनाअखेरीला मात्र खात्यात एवढे पैसे कधीच दिसत नाहीत.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तिथे तुमचे दर घाला. पैसे गळतात त्या जागा मात्र बहुतेकांच्या सारख्याच असतात.

पहिली गळती जीएसटीची. ८९९ मध्ये ५ टक्के कर धरलेला असेल, तर तुमची विक्री ८५६ रुपयेच. उरलेले ४३ सरकारचे. नोंदणी असेल तर खरेदी आणि कुरिअरवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून खर्चही कर वगळूनच धरा. एक बाजू करासकट आणि दुसरी कराविना धरली, की सगळं गणित फसतं.

काट्यावरच्या वजनावर विसंबू नका

चादर भरते १.४ किलो, म्हणून आपण दीड किलोचा दर धरतो. कुरिअर कंपनी मात्र प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायची. ३८ × ३० × १२ चा खोका २.७४ किलोचा ठरतो आणि बिल येतं ३ किलोचं. तीच चादर दाबून कुरिअर बॅगेत ३५ × २८ × ८ मध्ये बसवली, तर १.५७ किलो, म्हणजे २ किलोचा दर. पहिल्या अर्ध्या किलोला ४५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३० धरले, तर खोक्याला १९५ आणि बॅगेला १३५ लागतात.

तुमच्याकडे हे घडतंय का, हे कुरिअरच्या बिलात आकारलेल्या वजनाच्या रकान्यात दिसतं. तो रकाना आपल्या वजनाशी ताडून पाहा. तफावत दिसली तर वाद नोंदवायला मोजकेच दिवस असतात. त्यामुळे मोजायची टेप लावलेल्या पार्सलचा फोटो आधीच काढून ठेवलेला बरा.

परत आलेलं पार्सल म्हणजे नुसती बुडालेली विक्री नव्हे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. बॅगेतली कॅश ऑन डिलिव्हरी ऑर्डर ग्राहकाने घेतली, तर ८५६ मधून चादर ४८०, पॅकिंग २२, कुरिअर १३५ आणि रोख वसुलीचे ३५ वजा होऊन १८४ उरतात. शंभरातली वीस पार्सलं परत येतात, म्हणून लोक १८४ चे ८० टक्के करतात आणि ऑर्डरमागे १४७ सुटले असं मानतात.

पण न घेतलेल्या पार्सलवर नफा शून्य नसतो, तोटा असतो. जाण्याचे १३५, येण्याचे १२५, फाटलेलं पॅकिंग २२. शिवाय दहातली एखादी चादर मळून येते आणि ३०० ला काढावी लागते, तो तोटा सरासरी १८. एकूण ३००.

आता हिशेब करा. ८० ऑर्डरींचे १४,७२० आले, २० पार्सलांचे ६,००० गेले. उरले ८,७२०, म्हणजे पाठवलेल्या ऑर्डरमागे ८७ रुपये.

हेच पार्सल खोक्यातून पाठवलं असतं तर? पोचलेल्या ऑर्डरवर १२४ उरतात आणि परतीचा खर्च ४२० होतो (येण्याचे १८५ धरले). शंभर ऑर्डरींवर ९,९२० मधून ८,४०० गेले. हाती राहिले १,५२०, ऑर्डरमागे जेमतेम १५ रुपये! बॅगेत ३८ टक्के पार्सलं परत येईपर्यंत तोटा होत नाही, खोक्यात २३ टक्क्यांनाच सुरू होतो. ही मर्यादा काढायला सोपी आहे: पोचलेल्या ऑर्डरवरचा नफा भागिले तो नफा अधिक एका परतीचा खर्च. त्यात जाहिरात आणि पगार अजून धरलेले नाहीत, हे विसरू नका.

आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डरी कमी परत येतात, पण त्यांचा हिशेब वेगळा मांडा. रिफंड दिला तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही.

चालू आठवड्याचा आकडा फसवा असतो

परतीची पार्सलं गोदामात यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्यामुळे ताज्या ऑर्डरींचं मार्जिन नेहमी छान दिसतं, आणि त्या भरात जाहिरातीचं बजेट वाढवलं जातं. शीटमध्ये ऑर्डरच्या तारखेनुसार गट करा आणि ज्या गटातली एकूण एक पार्सलं पोचली किंवा परत आली, त्याचंच मार्जिन काढा. पिनकोडचाही एक रकाना ठेवा. ज्या भागातली परती तुमच्या मर्यादेच्या वर जाते, तिथे कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून पाहा.