अँजिओग्राफीच्या रिपोर्टवरून डिस्चार्ज कार्ड लिहिताना या चुका टाळा

नाशिकच्या एका रुग्णालयात मी डिस्चार्ज कार्डं लिहिते. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे स्टेंटच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच ओळीत मिसळणे.

दिंडोरीकडचे 54 वर्षांचे एक द्राक्षबागायतदार हार्ट अटॅक येऊन दाखल झाले होते. रिपोर्टमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांपैकी लेफ्ट मेन नॉर्मल, एलएडीच्या सुरुवातीच्या भागात 95 टक्के, सर्कम्फ्लेक्सच्या टोकाकडे 30 टक्के आणि आरसीएच्या मधल्या भागात 70 टक्के अडथळा होता. उजव्या मनगटातून जाऊन एलएडीत एक स्टेंट बसवला होता. कार्डाच्या पहिल्या मसुद्यात मात्र एवढंच आलं: ‘एलएडी 95%, आरसीए 70%, स्टेंट टाकला.’ स्टेंट कुठे, आता काय उरलंय, काहीच कळत नाही. मुलगा घाबरून विचारत होता, “मॅडम, 95 टक्के अजून तसंच आहे का?”

म्हणून प्रत्येक रक्तवाहिनीला वेगळी ओळ द्या आणि त्यात भाग, आधीची स्थिती, काय केलं, आताची स्थिती हाच क्रम ठेवा. ‘एलएडी, सुरुवातीचा भाग: 95 टक्के, एक स्टेंट, आता अडथळा नाही, रक्तप्रवाह टिमी-3, म्हणजे नॉर्मल.’ ‘आरसीए, मधला भाग: 70 टक्के, काही केलं नाही, तसाच आहे.’ नॉर्मल असलेली लेफ्ट मेनही लिहा. ती वगळली, तर पुढच्या डॉक्टरांना ती तपासली होती की नाही तेच समजत नाही.

दुसरी चूक पहिलीतूनच निघते. रुग्णाच्या कागदावर ‘ब्लॉक काढला’ एवढंच लिहिलं की आरसीएचा विषय घरी पोहोचतच नाही. त्याचं पुढे काय करायचं हे आपण ठरवायचं नाही. कार्डिओलॉजिस्टना विचारून तारखेसह लिहायचं. या रुग्णाचा कागद शेवटी असा झाला:

‘तुमच्या हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसवला आहे. दुसऱ्या नळीत अडथळा शिल्लक आहे, त्याबद्दल ठरवायला दिलेल्या तारखेला या. ॲस्पिरिन रोज एकदा. टिकाग्रेलॉर सकाळी एक, संध्याकाळी एक. दात काढायचा असला किंवा धाप लागली, तरी या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आम्हाला विचारा. छातीत दुखलं तर वाट न पाहता 108 ला फोन करा. मनगटातून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा. 10 मिनिटांत थांबलं नाही तर 108. आठवडाभर उजव्या हाताने छाटणीची कात्री चालवू नका, फवारणीचा पंप उचलू नका. शेतातलं जड काम कधी सुरू करायचं ते तपासणीला सांगू.’

धाप लागण्याचा उल्लेख मी मुद्दाम घातला. टिकाग्रेलॉरमुळे काहींना धाप लागते, गोळीच नको वाटते आणि ते ती सोडतात. नवा स्टेंट मग रक्ताच्या गुठळीने बंद पडू शकतो. पण धाप हृदयामुळेही लागू शकते, म्हणून ‘चालायचंच’ असं लिहून चालत नाही.

कागद देताना त्यांच्या पत्नीला विचारलं, “काकू, आता काय उरलंय?” त्या म्हणाल्या, “एक नळी अजून बाकी आहे.” मग मी सही केली.