अंगठ्याच्या सांध्याचं हाड टोचतंय? चप्पल कागदावर ठेवून बघा

अंगठ्याच्या बुडाशी, पायाच्या आतल्या बाजूला येणारा दुखरा उंचवटा म्हणजे बनियन. वाढलेलं हाड म्हणून लोक तो दाबत, चोळत बसतात. खरं तर तिथलं लांब हाड हळूहळू बाहेर सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि मधला सांधा कोपरासारखा पुढे येतो. ठेवण बहुधा घराण्यातून येते. निमुळता बूट किंवा उंच टाच ती बिघडवते. वरून घासलं की कातडी लाल होऊन सुजते.

संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पाऊल आखा. त्यावर रोजची चप्पल किंवा बूट ठेवा. रेघ बाहेर डोकावली, तर दुखण्याचं कारण समोरच आहे. एक नंबर मोठा घेऊन फारसं साधत नाही, बूट लांब होतो. पुढून रुंद, मऊ वरचा भाग असलेलाच घ्या. बोटांमधलं सिलिकॉन पॅड घासणं कमी करतं, मोठ्या माणसाचा अंगठा मात्र सरळ करत नाही.

सांधा एका रात्रीत लालभडक, गरम झाला तर गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडमुळे होणारा संधिवात, असू शकतो. तेव्हा, किंवा मधुमेह असेल तर, थेट डॉक्टरांकडे जा.